चावी पंजाकडे

रोज सकाळी सात वाजता माझे सासरे माझा डावा हात मागत.

हात मागत म्हणजे अक्षरशः मागत. खोलीच्या दाराशी लाकडी खुर्ची टाकून ते बसलेले असत, मांडीवर रुमाल, रुमालावर माझं घड्याळ आणि मागे फळीवर रेडिओ. सात वाजल्याचे बारीक टिक्‌-टिक्‌ आवाज रेडिओवर आले की ते शेवटच्या, लांब आवाजाला घड्याळाची चावी बाहेर ओढून काटे जुळवत, चावी परत दाबत, मग अंगठा आणि तर्जनीत धरून ती हळूहळू पिळत. स्प्रिंग भरली की बोटांना कळतं, असं ते म्हणायचे. मग म्हणत, "हात फुडे करा, जावयबापू."

मी अंघोळ उरकून, शर्ट घालून तयार उभा असायचो. डावा हात पुढे करायचो. ते पट्टा बांधत, बकल लावत आणि घड्याळावर एकदा तळवा ठेवत. मग मी मोकळा. मोकळा हा शब्द सवयीनं लिहिला गेला.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली, गिरण्यांच्या संपानंतरच्या वर्षांतली. घाटकोपरला टेकडीच्या अंगावर एक चाळ होती, तिच्यातल्या एका खोलीत आम्ही तिघं राहत होतो. मी, माझी बायको आणि तिचे वडील. सासूबाई लग्नाआधीच गेल्या होत्या. माझं घर कोकणात, मुंबईत मी एका लांबच्या नातेवाइकाकडे पथारी टाकून राहत होतो. लग्न ठरलं तेव्हा मामांनी (सासऱ्यांना आम्ही मामाच म्हणतो) सांगितलं, खोली आहे, मुलगी एकुलती एक आहे, वेगळं बिऱ्हाड कशाला? मी हो म्हटलं. हो म्हणण्यावाचून माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. चाळीत मला कुणी तोंडावर घरजावई म्हटलं नाही, पण नळावर बादली लावताना मला ते ऐकू यायचं.

मामा गिरणीत होते. संप झाला, गिरणीचं दार बंद झालं ते बंदच राहिलं. दुसरं काम त्यांना मिळालं नाही. घरात ते तांदूळ निवडत, पाणी भरत आणि सकाळी माझ्या घड्याळाला चावी देत. ते घड्याळ त्यांनीच मला लग्नात घातलं होतं, संपाआधी घेऊन ठेवलेलं. गोल, पांढऱ्या डायलचं, आकडे नसलेलं. प्रत्येक तासाला एक बारीक चकचकीत दांडी, फक्त बाराच्या जागी दोन. तारखेची खिडकी नाही, काही नाही. सुंदर होतं. आजही मला ते सुंदर वाटतं.

मी डावखुरा आहे.

हे मामांना माहीत नव्हतं. जेवायला उजवा हात, नमस्काराला दोन्ही, देवापुढे फूल ठेवायला उजवा, हे लहानपणीच आईनं माझ्या अंगात मुरवलं होतं. मुलगी बघायला गेलो तेव्हाही तिनं कानात सांगितलं, "पोह्याची बशी घेशील तर ह्या हातानं घे." घरात लिहायची वेळ कधी येतच नसे. बायकोला अर्थातच माहीत होतं. ती हसून म्हणायची, "बाबांना सांगा की कधीतरी." मी सांगतो म्हणायचो.

मुलुंडच्या एका कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होतो. पंप आणि व्हॉल्व्हची ड्रॉइंगं पारदर्शक ट्रेसिंग कागदावर शाईनं काढायची. हे काम माझा डावा हात करायचा. आता बघा, घड्याळाची चावी तीनच्या बाजूला असते. घड्याळ डाव्या मनगटावर बांधलं की ती चावी पंजाकडे येते. जो उजव्या हातानं काम करतो, त्याला याचं काहीच नसतं. त्याचा डावा हात गप्प पडलेला असतो आणि चावी द्यायची झालीच तर उजवी बोटं सहज पोचतात. पण माझा डावा पंजा दिवसभर ड्रॉइंग बोर्डावर टेकून मागे वळलेला. प्रत्येक रेघेला ती दातेरी चावी पंजाच्या पाठीत, मनगटाच्या जरा पुढे, रुतायची. आधी लाल खूण पडली, मग कातडं जाड झालं. कातडं जाड होऊनही दुखायचं. लांब रेघ ओढताना शेवटी हात आपोआप उचलला जायचा आणि रेघ थरथरायची.

आमचे हेड ड्राफ्ट्समन चांगले होते, पण थरथरती रेघ त्यांना चालत नसे. माझं ट्रेसिंग काचेच्या टेबलावर, खालून दिवा लावून बघायचे. एक दिवस म्हणाले, "काय रे, पेन हलतंय की तू हलतोयस?"

"घड्याळ टोचतं, साहेब."

"मग काढ ना. ही काय मुंज आहे, बांधलंय ते सोडायचं नाही म्हणून?"

सगळे हसले. त्यांनी नंतर बाजूला घेऊन सांगितलं ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. ट्रेसिंग परत काढायला लागतं, वर विचारणा होते, हात स्थिर नसेल तर मला प्रिंट काढायच्या खोलीत पाठवावं लागेल. त्या खोलीत अमोनियाचा वास असायचा आणि तिथे गेलेला माणूस परत बोर्डावर आलेला मी पाहिला नव्हता.

तेव्हा माझी अडचण एवढीच होती. माझा हात वाचवायचा, बोर्ड वाचवायचा, आणि ज्या माणसाच्या खोलीत मी राहत होतो त्याला मी त्याची एकुलती भेट झिडकारतोय असं वाटू द्यायचं नाही. आज सांगताना हे सोपं वाटतं. सरळ बोलायचं. पण त्या खोलीत सरळ बोलायला जागा कुठे होती? एका भिंतीला आमची कॉट, दुसऱ्या भिंतीला त्यांची चटई, मध्ये पडदा. रात्री ते खोकायचे थांबले तरी मला कळायचं, आणि मी जागा आहे हे त्यांना.

पहिला उपाय मी केला तो सगळे करतात तो. चाळीच्या पायऱ्या उतरून कोपऱ्यावर वळलो की घड्याळ काढून उजव्या मनगटावर बांधायचो. संध्याकाळी त्याच कोपऱ्यावर परत डाव्या. उजव्या मनगटावर चावी कोपराकडे तोंड करून असते. पंजा मोकळा, डावा हात तर पूर्णच मोकळा. कुठे काही रुतत नाही. फक्त एक आहे, हातात असताना घड्याळाला चावी देता येत नाही. डाव्या हाताची बोटं घड्याळावरून पलीकडे नेऊन वाकडी करावी लागतात. पण माझ्या घड्याळाला चावी देणारा घरी बसला होता. माझं काम झालं होतं.

पण आमच्या चाळीतला एक जण त्याच कारखान्यात फिटर होता. नळावर, मामांच्या समोर, तो म्हणाला, "जावई काय झकास दिसतात हो काका! उजव्या हातात घड्याळ. एकदम हिरो. आता कॉलर तेवढी वर करायची बाकी आहे."

 मामा बादली उचलून आत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टा बांधून झाल्यावर त्यांनी माझं मनगट लगेच सोडलं नाही. म्हणाले, "उजव्या हातात घड्याळ घालून नाक्यावर उभे रवणारे काय धंदे करतत, तां माका म्हायत हा. तुम्ही त्यांतले नाय."

"नाही, मामा."

"डाव्या हातार बांधला म्हणजे डाव्याच हातार."

त्यानंतर कोपऱ्यावर थांबायची माझी हिंमत झाली नाही. कारखान्यात पोचलो की घड्याळ काढून शर्टाच्या खिशात ठेवायला लागलो. खिसा आणि बोर्डावर वाकणारा माणूस यांचं जमत नाही. एक दिवस ते निसटलं आणि फरशीवर काचेच्या बाजूनं पडलं. काचेला आरपार तडा. चालू होतं, पण तडा घेऊन मी घरी जाऊच शकत नव्हतो. जेवणाच्या सुट्टीनंतर अर्धी रजा टाकली आणि घाटकोपर स्टेशनबाहेरच्या घड्याळवाल्याकडे आलो.

त्याचं दुकान म्हणजे एका गॉगल विकणाऱ्याच्या शेजारी काचेची पेटी आणि मागे एक माणूस. माझ्याच वयाचा, डोळ्याला भिंग, तोंड कायम चालू. त्यानं काच बदलली. मी चावीचं विचारलं, लहान चावी बसेल का?

"लहान बसेल. पण मग धरता येणार नाही आणि तू दातांनी चावी देशील. टोचते का?"

मी हात दाखवला. त्यानं भिंगातून माझा घट्टा बघितला, जणू तो पण घड्याळाचाच भाग होता.

"डावखुरा! मग उजव्या हातात घाल की यार."

"ते जमत नाही."

"का? बायको ओरडते?"

"सासरे."

तो इतका हसला की भिंग खाली पडलं. मी ड्राफ्ट्समन, मला कागदावर काढल्याशिवाय बोलता येत नाही. त्याच्या पावतीच्या मागे मी गोल काढला, तीनच्या जागी चावी, मग सगळा गोल अर्धा फिरवून परत काढला. विचारलं, "घड्याळ डाव्याच हातात राहिलं, पण चावी या बाजूला, नऊच्या जागी आली तर? मग ती कोपराकडे जाईल. असं करता येतं?"

त्यानं घड्याळ परत उघडलं. आतून डायल बघितली, समोरून बघितली. "नशीबवान आहेस. तारीख नाही. तारीख असती तर खिडकी इकडे आली असती आणि आतले आकडे उलटे. छोटा सेकंदकाटा खाली वेगळा असता, तर तो वर बाराच्या खाली जाऊन बसला असता, वेडा दिसला असता. तुझा सेकंदकाटा मधूनच आहे. आणि केस गोल, दोन्हीकडून सारखी. यंत्राला हात लावायचा नाही, नुसती डायल अर्धी फिरवायची. पण डायलला मागे दोन पाय असतात, ते यंत्राच्या भोकांत बसतात. फिरवायची तर पाय कापून डायल चिकटवावी लागेल. परत परत करायचं काम नाही ते. डायलला डाग पडतात."

"करा."

"पण ऐक ना. हे केलं की हे खरं डावखुऱ्याचं घड्याळ होणार. उजव्या हातात घातलं की चावी पंजाकडे, तुझी डावी बोटं बरोबर तिच्यावर. लोक असं घड्याळ शोधत फिरतात, मिळत नाही. आणि तू ते डाव्या हातात घालणार?"

"हो."

"मग उगाच वाट लावतोस चांगल्या डायलची." असं म्हणत त्यानं काम हातात घेतलं. जाताना पट्ट्याचे दोन्ही तुकडेही अदलाबदल करून दिले, बकल वरच्या बाजूला राहावं म्हणून. शेवटी बजावलं, "आणि हातात असताना चावी द्यायची नाही हां. बाजूनं जोर पडतो, चावीचा दांडा वाकतो. काढून द्यायची."

मी घड्याळ डाव्या हातात बांधून पंजा मागे वळवला. काही रुतलं नाही. रस्त्यावर उभा राहून मी पंजा वळवत राहिलो. पांढरी डायल, बाराला दोन दांड्या, चावी तेवढी पलीकडे. इतकी बारीक गोष्ट कुणाच्या लक्षात येणार? मी मामांच्या डोळ्यांचा विचार केला होता. त्यांच्या बोटांचा केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खुर्चीत बसले. रुमालावरचं घड्याळ डाव्या हातात घेतलं, आणि त्यांच्या उजव्या अंगठ्यानं चावी शोधली. त्या हाताला माहीत होतं, चावी उजवीकडे असते. ती उजवीकडे येईपर्यंत त्यांनी घड्याळ फिरवलं. म्हणजे डायल उलटी झाली, बारा खाली, सहा वर. दांड्या सगळ्या सारख्याच. मी दाराशी उभा राहून बघत होतो.

रेडिओ वाजला. मामांनी भुवया आवळल्या.

"बंद पडला रातीचा," ते म्हणाले. "भलताच वाजलाहा."

त्यांनी चावी ओढली आणि मिनिटकाटा फिरवत फिरवत वर, त्यांच्या दृष्टीनं बारावर, आणला. तासकाटा मात्र सातावर बसेना. सहा आणि सातच्या बरोबर मध्ये. पुढे फिरवला तर सात आणि आठच्या मध्ये. तो कसा बसणार? मिनिटकाटा खरा तर साडेच्या जागी होता, आणि साडेला तासकाटा दोन दांड्यांच्या मध्येच असतो. घड्याळ बरोबर होतं, धरलं होतं उलटं. ड्राफ्ट्समनच्या नजरेला ते चित्र एका क्षणात कळलं. तोंड उघडायचा तो क्षण होता. मी उघडलं नाही.

"काटो ढिलो झालो," मामा म्हणाले, आणि "हात फुडे करा."

मी हात पुढे केला. त्यांच्या सवयीप्रमाणे त्यांनी चावी पंजाकडे ठेवून पट्टा बांधला. बारा माझ्या डोळ्यांपुढे उलटा, आणि चावी नेमकी घट्ट्यावर. एका दिवसात सगळं पूर्वीसारखं, वर घड्याळही चुकीचं.

त्या दिवशी संध्याकाळी बायको मोरीपाशी भांडी घासताना हळूच म्हणाली, "तुम्ही ते फिरवलंत ना?" मी मान हलवली. "दोन दांड्या खाली होत्या. मला सकाळी चुलीपासून दिसल्या." ती थांबली. "त्यांच्या हातात होत्या आणि त्यांना दिसल्या नाहीत."

मग आम्हाला एकेक आठवायला लागलं. भातात दाताखाली येणारे खडे. आम्ही दोघंही ते गुपचूप ताटाच्या कडेला ठेवायचो, निवडणाऱ्याला काय बोलायचं म्हणून. रात्री दिव्याकडे बघताना त्यांचं डोळे मिचकावणं. वर्तमानपत्र ते आता फक्त घडी करून ठेवायचे. किती दिवस ते बोटांनी आणि सवयीनं काटे जुळवत होते कुणास ठाऊक. पूर्वी काटे रात्रभरात मिनिटभर इकडेतिकडे झालेले असत, अंदाजानं भागायचं. आता मी डायल फिरवून त्यांच्या अंदाजाखालची जमीनच काढून घेतली होती.

"सांगा त्यांना," ती म्हणाली.

"डायल फिरवली म्हणून सांगितलं, तर त्यांना दिसलं का नाही तेही निघेल."

 ती पातेलं विसळत राहिली.

पुढचे दिवस वाईट गेले. मामा सातच्या खूप आधी खुर्चीत बसायला लागले. घड्याळ डोळ्यांजवळ न्यायचे, लांब धरायचे, उजेडाकडे वळवायचे. रेडिओ वाजून जायचा, बातम्या संपायच्या आणि काटा मध्येच. मी समोर उभा. उशीर व्हायचा, पण निघता यायचं नाही, कारण हात त्यांनी मागितलेला नसायचा. एकदा मी म्हटलं, "मामा, राहू दे आज, मी लावतो." त्यांनी घड्याळ मुठीत मिटलं. "म्हणजे? माका चावी दिवची जमणा नाय?"  काच फुटल्यापासून कारखान्यात घड्याळ सोडून परत बांधायलाही मी धजत नव्हतो. हेडसाहेबांनी आणखी एक ट्रेसिंग माझ्या बोर्डावर आणून ठेवलं आणि या वेळी विनोद केला नाही.

रविवारी मामांनी धुतलेला शर्ट घातला. "चला, जावयबापू. त्या घड्याळवाल्याक दाखवूया. काच बसवताना त्यानंच काटो ढिलो केल्यान." काच बदलल्याचं तेवढं मी त्यांना सांगितलं होतं.

वाटेत मला किती ठिकाणी बोलता आलं असतं. उतारावर, रस्ता ओलांडताना, रसवंतीपाशी ते दम खायला थांबले तेव्हा. रस्ता ओलांडताना त्यांनी माझा दंड धरला आणि मी तो धरू दिला. एवढंच.

घड्याळवाला पेटीमागे बसला होता. मला बघून म्हणाला, "काय हिरो, टोचायचं थांबलं?" मी त्याला डोळ्यांनी खुणावलं, त्याला कळलं नाही.

मामांनी घड्याळ त्याच्यासमोर धरलं, चावी उजवीकडे. "हो बघ. मिनिटकाटो बारार ठेवलंय, तर लहान काटो खय हा?"

"काका, उलटं धरलंय तुम्ही."

"उलटा कसा? चावी उजवीकडे हा."

"चावी आता डावीकडे असते याची. बाराला दोन दांड्या आहेत बघा, शेजारी शेजारी. दिसत नाहीत?"

"दिसतत," मामा म्हणाले.

"मग सांगा, कुठे आहेत?"

त्यानं सहज विचारलं होतं. गिऱ्हाइकाची मजा करायची त्याला सवय होती. मामांचा अंगठा चावीवर गेला, तिथून ते मोजत वर गेले आणि बोट ठेवलं, सहाच्या एकट्या दांडीवर. ठामपणे ठेवलं. घड्याळवाला हसायला लागला आणि मध्येच थांबला. शेजारचा गॉगलवालाही बघायला लागला.

ते बोट मला बघवेना. मी म्हटलं, "मामा, मी डायल फिरवून घेतली. तुम्हाला न विचारता. मी डावखुरा आहे. चावी हातात रुतायची, काम होत नव्हतं."

 मामांनी घड्याळ पेटीवर ठेवलं आणि हात पुढे केला. मी सवयीनं डावा हात दिला. त्यांचा अंगठा मनगटावरून पंजाच्या पाठीवर गेला आणि त्या घट्ट्यावर थांबला. जन्मभर गिरणीत काम केलेला माणूस, घट्टा म्हणजे काय हे त्याला सांगायला लागत नाही. त्यांनी तो दाबून बघितला. मी हात थोडा मागे घेतला असेन.

"दुखता?"

"हो."

"ह्यो घेवन रोज हात फुडे करी व्हतंस?" इतक्या महिन्यांत ते मला पहिल्यांदा तू म्हणाले. "बोलाक काय झालेला रे तुका?"

 तेच पुढे म्हणाले, अगदी हळू, माझ्या हाताकडे बघत, "माका दिसणा नाय, तां मी तरी खय सांगलंय."

घड्याळवाल्यानं उगाचच एक पेटी उघडून बंद केली. "काका, पाहिजे तर परत फिरवून देतो. डायल थोडी खराब होईल, पण—"

"नको." मामांनी घड्याळ उचललं, चावी चाचपली. "उजवो हात दी."

"लोक बोलतील, मामा. तो नळावरचा—"

"चावी तुका दिवची हा, लोकांक नाय."

त्यांनी पट्टा माझ्या उजव्या मनगटावर बांधला. चावी पंजाकडे, त्यांच्या सवयीप्रमाणेच. आणि या वेळी बारा वर होता, बरोबर. मी डाव्या हाताची बोटं नेली तर थेट चावीवर पोचली. घड्याळवाला म्हणाला, "मी तेव्हाच बोललो होतो." कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

परत येताना मामा माझा दंड धरून चढ चढले. अर्ध्या वाटेत म्हणाले, "आता तुझो हात पोचता. आता तूच दी चावी." मला वाटलं, हातावरचं ओझं मी त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवलं. सकाळी सातला त्या खुर्चीत आता त्यांनी काय करायचं?

सोमवारी मी पहाटेच घड्याळाला चावी देऊन ते बांधून टाकलं, त्यांना दिसू नये म्हणून, आणि मग लाज वाटली, कारण त्यांना तसंही दिसलं नसतं. बायको चहा गाळत होती. ते खुर्चीत येऊन बसले. मांडीवर रुमाल घेतला, रिकामा. रेडिओ वाजला. शेवटच्या लांब आवाजाला त्यांचा हात आपोआप पुढे आला, तळवा वर. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा ते तो मागे घ्यायला लागले.

मी पुढे होऊन उजवा हात त्यांच्या तळव्यात ठेवला, घड्याळासकट.

समोरच्या माणसाकडे हात केला की पंजा त्याच्याकडे, आणि पंजाकडे असलेली चावीही त्याच्याकडेच. त्यांच्या अंगठ्याला ती शोधावी लागली नाही. घड्याळवाल्यानं बजावलेलं मला आठवत होतं, हातात असताना चावी द्यायची नाही, दांडा वाकतो. मी बोललो नाही. मामा बोटांनी हळूहळू पिळत राहिले. मी पहाटे दिलेली होतीच, त्यामुळे दोनचार वळशांतच चावी थांबली.

"भरलेली हा," ते म्हणाले.

"हो."

"मग उद्या दिव नको. माझ्यासाठी ठेव."

त्या दिवसापासून मी स्वतः कधीच चावी दिली नाही. बोर्डावर माझा हात सुटला. रेघ सरळ यायला लागली आणि अमोनियाच्या खोलीचं नाव परत निघालं नाही. मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, जाड भिंगाचा चष्मा आला आणि त्यांना बाराच्या दोन दांड्या दिसायला लागल्या. तरी सातला हात मागायचे थांबले नाहीत. घाईच्या दिवशीही मला तिथे उभं राहावं लागे, उजवा हात त्यांच्या हातात, डाव्या हातात डबा, रेडिओवर बातम्या, बायको मागून "उशीर होतोय" म्हणतेय आणि स्प्रिंग भरेपर्यंत सुटका नाही. कधी कधी मनात यायचं, यापेक्षा घट्टा परवडला. असं मनात आलं की दिवसभर अपराधी वाटायचं.

दांडा व्हायचा तो ढिला झालाच. घड्याळवाला बदलून देताना म्हणाला, "हातात असताना देतोस ना? खरं सांग."

"मी देत नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं.